सोलरचं पाणी कोमट येतंय, नळ्या धुवाव्यात की बदलाव्यात?

लातूरकर_७: २०० लिटरचा सोलर, २० काचेच्या नळ्या, बोअरचं पाणी. कडक ऊन असूनही बादलीत कोमटच पाणी येतं. घरात दोघंच आहोत. बजेट दोन हजार. ढगाळ दिवशी टाकीतला हीटर किती वेळ लावावा?

भोकरदनचा: काढून टाका अन् हीट पंप बसवा. एकदाच खर्च.

लातूरकर_७: दादा, दोन हजारात?

माळीगल्ली: सोप्पं हाय. टाकीचा ड्रेन उघडा, खार वाहून जातो. दर महिन्याला करा.

पाइपवाला: टाकीतला गाळ जाईल, नळ्यांतला नाही. त्या टाकीच्या खाली असतात अन् खालून बंद, म्हणून खार बुडाशीच साचतो. पण आधी खार हेच कारण आहे का ते बघा. संध्याकाळी पाचला टाकीजवळच गरम लाइनचं पाणी काढा. तिथं कडक आणि बाथरूममध्ये कोमट असेल, तर मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. नळ्यांचा दोष नाही.

लातूरकर_७: टाकीजवळही कोमटच आहे.

पाइपवाला: मग उन्हात नळ्यांना बाहेरून हात लावा, जपून. चांगली नळी बाहेरून फारशी तापत नाही. जी चटका देते, तिच्या दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली. खालच्या टोकाची चंदेरी चकाकी पांढरी पडली असेल तर नक्कीच. ती धुऊन सुधारत नाही, बदलावीच लागते.

बीडवाली_ताई: आमच्याकडं बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिडच ओततात, चकाचक.

पाइपवाला: ताई, ते टाकीत गेलं तर स्टीललाही खातं. लिंबूसत्व वापरा, कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम. आदल्या रात्री हीटरचा एमसीबी पाडा, पहाटे टाकी रिकामी करा. नळी फिरवत वर टाकीत सरकवा, बूड सुटलं की खाली ओढा. एकीत द्रावण दोन तास ठेवा, मग तेच पुढच्या नळीत. बुडबुडे थांबले की नवं करा. बसवताना रबराला साबणपाणी लावा. एका पहाटे सगळ्या होणार नाहीत, उरलेल्या पुढच्या पहाटे. रोज ऊन चढायच्या आत टाकी भरा. तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी गेलं की ती तडकते.

माळीगल्ली: तेच म्हणलं मी, धुवायचं.

भोकरदनचा: सॉफ्टनर नाही लावला तर वर्षात परत तेच. लिहून ठेवा.

बीडवाली_ताई: त्याला मीठ अन् पाणी लागतं, उन्हाळ्यात टँकरचं पाणी त्यावर घालवायचं का?

पाइपवाला: हीटरबद्दल: २०० लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायला पावणेपाच युनिट लागतात, दोन किलोवॅटला अडीच तासाच्या आत. तो पहाटे लावा. दुपारी लावला तर उन्हाला तापवायला काही उरत नाही.

लातूरकर_७: तीन नळ्या चटका देतात, टोकं पांढरी. त्या बदलतो, बाकीच्या धुतो. टाकीचा हीटर मात्र लावणारच नाही. दोन बादल्यांसाठी सगळी टाकी कशाला तापवू? ढगाळ दिवशी बादलीत रॉड, एक युनिटही नाही लागत.

पाइपवाला: रॉड चालू असताना पाण्याला हात लावू नका. प्लग काढूनच.

भोकरदनचा: हीट पंपच घ्या म्हणतो मी.