शब्दचर्चा : 'मोहन' हा जिन्नस म्हणायचा का?

नौपाडेकर : दिवाळीसाठी एक छोटी गोष्ट लिहिते आहे. जांभळी नाक्याजवळ राहणारी मुलगी दिवंगत आजीच्या वहीतल्या पाककृती एक्सेलमध्ये भरते. ओळीत पदार्थ, रकान्यात जिन्नस. चकलीच्या साहित्यात 4 वाट्या भाजणी, तिखट, मीठ, तीळ, ओवा, पाणी आणि 'तळायला तेल'. तेवढंच घेऊन ती चकल्या करते, तर दगड! मग तक्त्यात दिसतं, की शंकरपाळ्यांना तळणीखेरीज अर्धी वाटी तूप वेगळं आहे, करंजीच्या पारीलाही आहे, चकलीसमोर तो रकाना रिकामा. कृतीत मात्र आजीने लिहिलंय : 'मोहन नेहमीप्रमाणे'. तर 'हरवलेला जिन्नस मोहन' हे बरोबर वाटतं का?

वाशीकर : मोहन म्हणजे तूप. सरळ तूप लिहा की.

चरईची काकू : तूपच असं नाही. चकलीला तेल घालतात, कुणी लोणी. पीठ मळताना त्यात घालतो ते मोहन. तेच तेल कढईत ओतलं की ती तळण. म्हणून यादीत तेल असूनही मोहन नाही. माझ्या मते जिन्नस तेल, मोहन हे त्याचं काम. 4 वाट्या भाजणीला मी 4 मोठे चमचे तेल आधणातच घालते. उकळी आली की गॅस बंद, भाजणी घालून झाकण. पिठाला तेल माखलं की गोळा चिवट होत नाही.

ऐरोलीचा : मग भरपूर घातलं तर आणखी खुसखुशीत?

चरईची काकू : नाही रे बाबा, चकली कढईत विरघळेल. म्हणून आधी एकच तळून बघायची. विरघळली तर गोळ्यात थोडी कोरडी भाजणी, कडक निघाली तर चमचाभर गरम तेल मळायचं. सोऱ्यातून पडतानाच तुटत असेल तर मोहनाला दोष नको, पाणी कमी पडलंय.

घणसोलीची सून : अनारसा हसतो तो यामुळेच ना? गेल्या दिवाळीत माझे सगळे तुपात हसले, सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

चरईची काकू : ते निराळं गं. गूळ किंवा साखर जास्त झाली की अनारसा हसतो. त्यात मोहनाचा काही संबंध नाही.

वाशीकर : बरं, तूप मागे घेतो. पण आमच्या घरी 'मोहण' म्हणतात. गोष्टीत न की ण?

नौपाडेकर : आजी कुठली ते ठरवते, मग बघू. जिन्नस म्हणायचं की नाही, तेही अजून पटत नाहीये. वाण्याकडे मोहन मागता येत नाही हे खरं, पण मुलीच्या तक्त्यात रिकामी जागा त्याचीच आहे. आणि काकू, 'नेहमीप्रमाणे' म्हणजे किती, हे तिला कळणार कसं?

चरईची काकू : कडबोळ्यांची ओळ बघू दे तिला. तिथे आजीने '2 वाट्यांना 2 पळ्या कडकडीत तेल' असं काही लिहिलेलं ठेव. पण पळी त्याच घरातली हवी, आधी चमच्याने मापून घ्यायला लाव. माझ्या आईच्या पळीत माझ्या दोन मावतात.