मदत हवी आहे: एफव्हीसी कमी, गुणोत्तर ७१ टक्के, तरीही उत्तर ‘अडथळ्याचा आजार’ कसे?

निशिगंध:
नमस्कार. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या एका सराव-प्रश्नावर अडले आहे. अनेक वर्षे धूम्रपान करणाऱ्या ५८ वर्षांच्या पुरुषाला जिना चढताना दम लागतो. त्याची एफव्हीसी २.१ लिटर म्हणजे अपेक्षित मूल्याच्या ५४ टक्के आहे, एफईव्ही-१ १.५ लिटर म्हणजे ५० टक्के आहे आणि दोहोंचे गुणोत्तर ७१ टक्के येते. बॉडी प्लेथिस्मोग्राफीने टीएलसी ६.४ लिटर (१०३ टक्के) आणि आरव्ही ४.० लिटर (१८२ टक्के) मोजली आहे. हेलियम पद्धतीने मात्र टीएलसी ४.७ लिटरच (७६ टक्के) भरते. उत्तरसूची ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ म्हणते. गुणोत्तर ७० च्या वर असताना हे कसे?

अनुस्वार:
माझ्या मते उत्तरसूचीच चुकली आहे. एफव्हीसी ८० टक्क्यांच्या खाली आणि गुणोत्तर ७० च्या वर असेल, तर तो रिस्ट्रिक्टिव्ह नमुना. शिवाय हेलियमची टीएलसीही कमीच आहे.

श्वासवेध:
तुम्ही सांगता तो नमुना रिस्ट्रिक्शनची शंका घेण्यापुरता खरा आहे, पण निदान त्यावर ठरत नाही. स्पायरोमीटरला फक्त बाहेर आलेली हवा कळते. ती कमी भरण्याची कारणे दोन असू शकतात: फुप्फुसात मुळात हवा कमी मावते, किंवा हवा भरपूर मावते पण बरीचशी आतच अडकून राहते. या रुग्णाची टीएलसी शाबूत आहे आणि आरव्ही जवळजवळ दुप्पट झाली आहे, म्हणजे दुसरी गोष्ट घडली आहे.

आता एक वजाबाकी करून पाहा. टीएलसीतून आरव्ही वजा केली की २.४ लिटर उरतात. ही त्याची संथ श्वासाने मोजलेली व्हायटल कपॅसिटी. जोराने फुंकताना छातीतील दाब वाढून लहान श्वासनलिका लवकर मिटतात आणि त्यामागची हवा कोंडते, म्हणून एफव्हीसी त्याहून ०.३ लिटरने कमी भरली. भाजक असा आक्रसल्यामुळे गुणोत्तर फुगले. तेच १.५ ला २.४ ने भागा: ६२.५ टक्के. अडथळा पहिल्यापासून होताच, एफव्हीसीने तो झाकला होता.

हेलियमचा आकडा हा या प्रश्नातला खरा सापळा आहे, आणि तो मुद्दाम घातलेला दिसतो. काही मिनिटांच्या श्वासोच्छ्वासात हेलियम जिथे पोहोचतो तेवढीच हवा त्या पद्धतीत मोजली जाते. कोंडलेल्या भागांत तो नीट शिरतच नाही. प्लेथिस्मोग्राफ दाब आणि आकारमानाच्या बदलावरून ही कोंडलेली हवाही धरतो. दोन टीएलसींमधला १.७ लिटरचा फरक म्हणजे मुख्यतः तीच हवा. खऱ्या रिस्ट्रिक्शनमध्ये दोन्ही आकडे कमी असतात, पण एकमेकांच्या जवळ राहतात.

मोकळा_श्वास:
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या अहवालात एफव्हीसी ६८ टक्के आणि गुणोत्तर ८६ टक्के आहे. खोकला आल्याने मी फुंकणे मध्येच थांबवले होते. माझ्याही फुप्फुसात हवा अडकली आहे का?

श्वासवेध:
ते या आकड्यांवरून सांगता येणार नाही. फुंकणे लवकर थांबले की एफव्हीसी खोटी कमी होते आणि त्यामुळे गुणोत्तर खोटे वाढते. आकारमान-वेळेच्या आलेखाची रेषा शेवटी आडवी झाली आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ती चढतीच तुटली असेल, तर चाचणी पुन्हा करणे हेच पहिले पाऊल.

अनुस्वार:
वजाबाकी पटली. मग ‘आरव्ही वाढली की ऑब्स्ट्रक्टिव्ह’ असा नियम धरावा का?

श्वासवेध:
नको, त्यात दुसरा खड्डा आहे. श्वसनाचे स्नायू दुर्बळ झाले की पुरती हवा आत घेता येत नाही म्हणून टीएलसी घटते, आणि पुरती बाहेरही टाकता येत नाही म्हणून आरव्ही वाढू शकते. हा आजार रिस्ट्रिक्टिव्हच. फुप्फुसांच्या फायब्रोसिसमध्ये मात्र आरव्हीही सहसा टीएलसीबरोबर खाली येते. म्हणून आधी टीएलसी पाहावी आणि आरव्हीला कारण विचारावे.

निशिगंध:
आभारी आहे, माझी वजाबाकीच राहिली होती. एक शंका उरते. येथे ६२.५ असल्याने प्रश्न सुटला, पण ७५ वर्षांच्या रुग्णाचे गुणोत्तर ६८ आले तर काय धरावे?

श्वासवेध:
वयानुसार हे गुणोत्तर घसरतेच, त्यामुळे त्या वयात ६८ सामान्य मर्यादेत बसू शकते. सीओपीडीसाठी गोल्डची मार्गदर्शिका ब्राँकोडायलेटरनंतरची ७० ही ठरावीक रेषा वापरते. युरोपीय आणि अमेरिकी श्वसन संस्थांचे संयुक्त निकष वयानुसार काढलेली खालची मर्यादा मानतात. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

अनुस्वार:
परंतु प्रश्नपत्रिकेत ती खालची मर्यादा क्वचितच छापलेली असते. ती नसेल तर मी ७० च धरणार.

श्वासवेध:
परीक्षेपुरते तसे करा. रुग्णासमोर मला ते पटत नाही.