मदत हवी आहे: पावत्या ७,३४,००० च्या, बँकेत ६,९१,०००. फरक कुठे शोधू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ आमची ३२ फ्लॅटची सोसायटी आहे. एप्रिलमध्ये नवी कमिटी आली आणि खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. ऑडिटरांनी २०२४-२५ चं बँक ताळमेळ पत्रक मागितलंय. आमच्याकडे ते आजवर कुणी केलेलंच नाही. ऑडिट जुलैअखेर उरकायला हवं, म्हणून स्टेटमेंट, पावतीपुस्तकं आणि व्हाउचरची फाईल घेऊन मीच बसले.

मेंटेनन्स महिन्याला २,०००. बहुतेक जण तिमाहीचे ६,००० एकदम भरतात. वर्षभराच्या पावत्यांची बेरीज येते ७,३४,०००. स्टेटमेंटमधल्या जमा बाजूतून मोडलेली एफडी आणि व्याज वगळलं तर उरतात ६,९१,०००. म्हणजे बँकेत ४३,००० कमी. तीन वेळा बेरीज करून पाहिली.

आधीचे खजिनदार काका सत्तरीचे आहेत. आठ वर्षं त्यांनी हे काम केलं, रात्री मोटर बिघडली तरी खाली येऊन उभे राहिले. फाईलसुद्धा त्यांनी न मागता आणून दिली. त्यांच्यावर खोटा आळ येऊ नये आणि सोसायटीचा पैसाही जाऊ नये, दोन्ही मला हवंय. सुरुवात कुठून करू?

सातपूरकर

ताई, पावती फाडली आणि पैसा बँकेत आला नाही म्हणजे मधे कुणीतरी वापरला. मुळात सोसायटीला रोख घेताच येत नाही. ४३ हजारांची नोटीस द्या आणि उपनिबंधकांकडे अर्ज टाका. वय बघून हिशेब सोडत नाहीत.

जमाखर्च

सातपूरकर, एवढ्यात नोटीस नको. मी बरीच वर्षं हाऊसिंग सोसायट्यांची ऑडिट केली आहेत. रोख घ्यायला बंदी नाही, पावती देऊन घेता येते. चूक पुढे होते. ती रोख बँकेत न भरता परस्पर खर्च झाली की तिचा माग स्टेटमेंटमध्ये राहत नाही.

गोदाकाठ ताई, एकूण बेरजेसमोर एकूण बेरीज ठेवून काही हाती लागणार नाही. ४३,००० ही उरलेली वजाबाकी आहे. तिच्या पोटात काही रकमा बँक कमी दाखवणाऱ्या असतील, काही जास्त दाखवणाऱ्या, आणि त्या एकमेकींना झाकतात. आधी पावत्या चेक, ऑनलाइन आणि रोख अशा तीन गठ्ठ्यांत वेगळ्या करा. मग एकेक पावती स्टेटमेंटमधल्या एकेका ओळीला पेन्सिलने खूण करून जोडा. ज्या पावत्या आणि ज्या ओळी बिनखुणेच्या राहतील, तेवढ्याच इथे लिहा. मार्चअखेरच्या पावत्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातल्या जमा नीट बघा. नोंदीत RTN दिसलं की तिथे थांबा, तो परत गेलेला चेक असतो.

नाशिकरोडचा_रहिवासी

आमच्याकडेही खजिनदारांचा हाच घोळ आहे. माझा फ्लॅट भाड्याने दिलाय तर मला मेंटेनन्स दुप्पट लावतात. हे स्टेटमेंटवरून सिद्ध करता येईल का?

जमाखर्च

तुमचा प्रश्न निराळा आहे हो. फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. त्यासाठी स्टेटमेंट नको, तुमचं बिल हवं. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

गोदाकाठ

दोन रात्री बसून खुणा केल्या. बिनखुणेचं एवढंच उरलं.

३० मार्चला दोन तिमाही चेकच्या पावत्या फाडल्यात, मिळून १२,०००. ते बँकेत ३ एप्रिलला जमा झाले, म्हणजे या वर्षाच्या स्टेटमेंटमध्ये नाहीत. उलट मागच्या वर्षीच्या मार्चमधले ४,००० चे चेक याच वर्षी एप्रिलमध्ये जमा झालेत, पण त्यांच्या पावत्या मागच्या पुस्तकात आहेत. एका घराचा ६,००० चा चेक ऑगस्टमध्ये जमा झाला आणि चौथ्या दिवशी परत गेला. त्यांनी नंतर ऑनलाइन ६,००० भरले. पावती एकच, पण जमा बाजूला ६,००० दोनदा दिसतात. खर्च बाजूची परतीची ओळ मी धरलीच नव्हती.

आता रोख. पावत्या ५८,००० च्या, बँकेत रोख भरणा फक्त १७,०००. म्हणजे ४१,००० भरलेच नाहीत.

जमाखर्च

आता मांडून बघा. ७,३४,००० मधून न भरलेली रोख ४१,००० आणि एप्रिलमध्ये गेलेले चेक १२,००० वजा करा. ६,८१,००० राहिले. त्यात मागच्या वर्षीचे ४,००० आणि दोनदा दिसलेले ६,००० मिळवा. बरोबर ६,९१,०००.

४३ आणि ४१ जवळजवळ सारखे आले हा निव्वळ योगायोग. मार्चअखेर आणखी तीन चेक अडकले असते तर तुमचा फरक ६१,००० दिसला असता आणि न भरलेली रोख तेवढीच, ४१,००० राहिली असती. प्रश्न आता फक्त त्या रोखीचा आहे. रोख खर्चाची व्हाउचर किती आहेत? आणि मागच्या ताळेबंदात हातची रोख किती होती?

गोदाकाठ

मागच्या ताळेबंदात हातची रोख १,२००. रोखीची व्हाउचर ३९,७०० ची. काकांनी मला पाकिटात २,५०० दिले होते, वर त्यांच्याच हाताने "३१ मार्चची शिल्लक" असं लिहिलेलं. १,२०० अधिक ४१,००० वजा ३९,७००, बरोबर २,५००. जुळलं! खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

सातपूरकर

जुळलं तर चांगलंच आहे, ताई, आणि नोटिशीचं मी घाईने लिहिलं हे मान्य. पण एक शंका आहे. कुणी रोख दिली आणि त्याला पावतीच मिळाली नसेल, तर हा सगळा ताळा जुळूनही ते पैसे कुठेच दिसणार नाहीत ना?

जमाखर्च

हा मुद्दा अगदी बरोबर आहे. पावतीपुस्तकांचे क्रमांक सलग आहेत का, रद्द पावतीच्या दोन्ही प्रती जागेवर आहेत का, हे पाहा. मग थकबाकीकडून उलट या. वर्षाची आकारणी ३२ घरांची ७,६८,००० होते. तिच्यात मागची थकबाकी मिळवून वसुली वजा केली की ३१ मार्चची थकबाकी यायला हवी. ती यादी घेऊन प्रत्येक थकबाकीदाराकडून "एवढी बाकी मला मान्य आहे" अशी सही घ्या. पावतीविना पैसे दिलेला माणूस तिथे बोलतोच.

आणि ताई, रोख जुळली म्हणजे रोखीचा खर्च खरा ठरला असं नाही. वर्षअखेरची शिल्लक व्हाउचर घालून जुळवता येते. म्हणून रोजकीर्द तारखेवार लावा. जमा झालेली प्रत्येक रोख पावती, बँकेतला प्रत्येक रोख भरणा आणि प्रत्येक व्हाउचर आपापल्या तारखेला घाला आणि दररोजची शिल्लक काढा. शिल्लक कोणत्या दिवशी शून्याखाली जाते का, ते सांगा. पेटीत नसलेली रोख कुणालाच देता येत नाही.

द्राक्षबाग

हे करताना एक्सेलमध्ये व्हाउचरचाही एक तक्ता करा. चेकने आणि रोखीने दिलेले, सगळे एकाच ठिकाणी. B मध्ये पुरवठादार, C मध्ये बिल क्रमांक, D मध्ये रक्कम. मग शेजारी हे टाकून खाली ओढा:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2,D:D,D2)
```

१ पेक्षा मोठा आकडा आला की तेच बिल दोनदा लागलंय. आमच्या इकडे वॉचमन एजन्सीचं असंच सापडलं होतं. फक्त पुरवठादाराचं नाव सगळीकडे सारखंच टाइप करा. एकदा "टँकर" आणि एकदा "पाण्याचा टँकर" लिहिलंत तर सापडणार नाही.

गोदाकाठ

दोन्ही केलं आणि दोन्ही एकाच जागी येऊन थांबलं.

१ एप्रिलला १,२००. एप्रिल आणि मेच्या सुरुवातीला चार घरांनी रोख दिली, ८,०००. तोवर बँकेत रोख भरलेली नाही. १३ मेपर्यंत खर्च ५,३००. शिल्लक ३,९००. १४ मेला ७,२०० चं टँकरचं व्हाउचर, ९ टँकर, ८०० प्रमाणे. शिल्लक उणे ३,३००.

आणि फॉर्म्युल्यात त्याच ओळीवर २ आला. बिल क्रमांक ११८, रक्कम ७,२००. एकदा १४ मेला रोखीने, मूळ बिल जोडलेलं, मागे चिखलाचा अंगठा उमटलाय. दुसऱ्यांदा २० मेला चेकने, जोडलेली त्याच बिलाची झेरॉक्स. तो अंगठा झेरॉक्सच्या पाठीवर नाही म्हणून माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

काकांना भेटले. ते म्हणाले, मे महिन्यात पाण्याची बोंब होती, टँकरवाला पैसे मिळाल्याशिवाय पाइप लावेना, म्हणून कमी पडले ते खिशातून घातले आणि पुढच्या रोखीतून वळते केले. चेकचं त्यांना आठवत नाही.

सातपूरकर

चेक काकांनी स्वतःच्या नावे काढलाय का? तसं असेल तर खिशातले परत घेतले असतील.

गोदाकाठ

नाही, टँकरवाल्याच्या नावे आहे आणि त्याच्याच खात्यात वटलाय. बँकेकडून चेकची प्रत मागवली, सह्या सेक्रेटरी आणि काका दोघांच्या.

जमाखर्च

म्हणजे शंका आता टँकरवाल्याकडे सरकते. शिल्लक उणे गेली याला काकांचा खुलासा पटण्यासारखा आहे. खिशातून घालणं ही पद्धत चुकीची, कारण मग सोसायटी त्यांचं देणं लागते आणि वहीत ते कुठे दिसत नाही. पण ती अफरातफर नव्हे. राहिला चेक. दोन शक्यता आहेत. एक तर त्याच बिलाचे दोनदा पैसे गेले, किंवा चेक पुढच्या टँकरांचा होता आणि त्याला चुकून जुन्या बिलाची झेरॉक्स लागली. टँकरवाल्याकडून मे महिन्याचा खातेउतारा मागा. आणि गेटवरचं वॉचमनचं रजिस्टर मिळालं तर उत्तम, त्यात आलेला प्रत्येक टँकर असतो आणि ते हिशेबासाठी लिहिलेलं नसतं.

गोदाकाठ

रजिस्टर मिळालं. १४ मेपर्यंत ९ टँकर, बरोबर. १५ ते २० मे दरम्यान ७ टँकर. ७ चे ८०० प्रमाणे ५,६०० होतात, ७,२०० नाही. पण १७ तारखेच्या रात्रीचं पान कोरं आहे. वॉचमनदादा म्हणतात त्या रात्री बदली माणूस होता. तळमजल्यावरच्या ताईंना रात्री टँकरचा आवाज ऐकल्याचं आठवतं, पण एक की दोन ते सांगता येत नाही. टँकरवाला म्हणतो, उतारा सोमवारी देतो.

ऑडिटरांच्या पत्रकात काय लिहू? ४१,००० चा खुलासा झाला, असं लिहायला हरकत नाही ना?

जमाखर्च

रोख कुठे गेली हे दाखवता आलं, असं लिहा. सोबत रोजकीर्द आणि थकबाकीदारांच्या सह्या जोडा. २० मेच्या चेकसमोर "मूळ बिल उपलब्ध नाही, पुरवठादाराचा खातेउतारा मागवला आहे" एवढंच लिहा. १,६०० चा अंदाज तुम्ही भरू नका. रजिस्टरच्या त्या कोऱ्या पानाची प्रतही लावा.

गोदाकाठ

तसंच करते. थकबाकीदारांच्या सह्या झाल्यात, फक्त तिघं गावी गेलेत. उतारा आला की इथेच टाकते.