एलव्हीआरटी असूनही ट्रिप
"व्होल्टेज क्षणभरच पडलं, तरी एलव्हीआरटी, म्हणजे अशा वेळी ग्रिडला जोडलेलं राहण्याची सोय, असलेले सोलर इन्व्हर्टर ट्रिप का झाले?"

फ्रिक्वेन्सीची सेटिंगही तपासा. 16 ऑगस्ट 2016 रोजी कॅलिफोर्नियात वणव्यामुळे 500 केव्ही लाइनवर फॉल्ट आला आणि सुमारे 1200 मेगावॉट सौरनिर्मिती गेली. फॉल्ट काही सायकलमध्येच दूर झाला होता. पण व्होल्टेजची फेज एकदम सरकली आणि 60 हर्ट्झच्या त्या ग्रिडवर अनेक इन्व्हर्टरांनी ती उडी 57 हर्ट्झपेक्षा कमी फ्रिक्वेन्सी म्हणून मोजली. कमी फ्रिक्वेन्सीच्या ट्रिपला विलंब ठेवलेलाच नव्हता, म्हणून ते लगेच ट्रिप झाले. ग्रिडची खरी फ्रिक्वेन्सी एवढी उतरलीच नव्हती! नंतर या ट्रिपला काही सेकंदांचा विलंब दिला गेला.

बाकीचे बरेचसे जोडलेले राहिले, पण व्होल्टेज 90 टक्क्यांखाली जाताच त्यांनी करंट थांबवला. माझ्या मते हेही तितकंच घातक, कारण नेमक्या त्याच वेळी ग्रिडला व्होल्टेज सावरणारा रिअॅक्टिव्ह करंट हवा असतो.