मदत हवी आहे: फक्त सभासदांसाठीचा ऑनलाइन समूह सुरू करतोय, उद्देश, नियम आणि आमंत्रणाचा मसुदा तपासून द्याल का?

संथ_पाणी

घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप समूह आहे. १४० जण आहेत. कामाची माहिती फॉरवर्डखाली गाडली जाते, आणि प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. म्हणून आता डिस्कोर्स या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरवर बंद जागा तयार केली आहे. इन्स्टॉल झालंय, आत अजून कोणी नाही.

उद्देश असा लिहिलाय: 'शुश्रूषा करणाऱ्या सर्वांना एकत्र आणून परस्पर सहकार्य, माहिती व मानसिक आधार देणे.' नियम १७ झालेत. येत्या रविवारी सगळ्या १४० जणांना एकदम लिंक पाठवायचा विचार आहे. आमंत्रणाची सुरुवात 'आपणांस कळविण्यास आनंद होतो की' अशी आहे. यात कुठे काय चुकतंय ते सांगा.

धडाकेबाज

रविवारी सगळ्यांना एकदम पाठवा. टप्प्याटप्प्याने बोलावलंत की उरलेल्यांना वाटतं आपण मागच्या रांगेतले. नियम १७ असले तरी हरकत नाही, उद्या वाद झाला तर बोट ठेवायला नियम असलेला बरा. जागा बंद आहे, त्यामुळे आतलं बाहेर जायची भीती नाही. पहिला आठवडा शुकशुकाट असतोच, मनावर घेऊ नका.

उंबरठा

मागच्या रांगेची भीती खरी आहे, त्यावर खाली येतो. बाकीचं मात्र उलट करा.

आधी उद्देश. त्याची कसोटी सोपी आहे: त्या वाक्याकडे बोट दाखवून तुम्हाला एखादी पोस्ट नाकारता येते का? 'सहकार्य, माहिती, आधार' यात सुप्रभात बसतं, काढ्याची जाहिरात बसते, राजकारणसुद्धा बसतं. कोण, कशाबद्दल आणि काय नाही, हे तिन्ही आलं पाहिजे. असं करून बघा:

> 'घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची रोजची काळजी घेणाऱ्यांसाठी. कूस बदलणं, आंघोळ, भरवणं, रात्रीची जागरणं, मदतनीस ठेवणं आणि काळजी घेणाऱ्याचा स्वतःचा थकवा, एवढंच इथे बोलतो. निदान आणि औषधं डॉक्टरांकडे.'

आता एकदम १४०. याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला एक ढोबळ ठोकताळा आहे: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक सतत लिहितो. तो काटेकोर नियम नाही, पण तुमच्या आकड्याला लावून पाहा. सगळेच्या सगळे आले तरी सतत लिहिणारे एक-दोन. बाकीचे रविवारी येतील, रिकामी जागा बघतील, सोमवारी परत येणार नाहीत. धडाकेबाज म्हणतात तो शुकशुकाट दिसतो तुम्हाला, पण पाहुणा तो एकदाच बघतो आणि तेच त्याचं मत होतं.

म्हणून आधी आठ जण घ्या. आत्ताच्या समूहात जे प्रश्नांना खरी उत्तरं देतात तेच. त्यांच्याशी एकेकट्याशी बोला आणि दहा दिवस दारं बंद ठेवून बारा-पंधरा धागे तयार करा. प्रत्येक धाग्याला निदान दोन उत्तरं हवीत. खोटे प्रश्न लिहू नका, लगेच ओळखू येतात. जुन्या समूहात पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न घ्या. 'दर दोन तासांनी कूस बदलायची तर रात्री झोपायचं कधी' हा नक्की असेल. त्या वेळची उत्तरं मात्र ज्यांची त्यांनीच नव्याने लिहावीत. चॅट उचलून चिकटवलं तर विश्वास तिथेच संपतो.

मग पंचवीस जण, आठवड्याने उरलेले. मागच्या रांगेवर उपाय म्हणजे तारखा आधीच सगळ्यांना सांगणं: 'जागा मांडतोय, अमुक तारखेपर्यंत प्रत्येकाला निरोप येईल.'

सूरपेटी

आमच्या गायनवर्गाच्या समूहातही हेच होतं. फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं असं सेटिंग केलं आणि शांतता झाली. तुम्हीही तेच करा ना, नवीन जागा कशाला?

उंबरठा

वर्गाच्या वेळा कळवायच्या असतील तर तेच योग्य. यांना लोकांनी एकमेकांना लिहायला हवंय, त्यामुळे ते सेटिंग इथे उपयोगाचं नाही.

खिळापट्टी

डिस्कोर्सची तांत्रिक बाजू सांगतो. बाहेरच्यांना काहीच दिसू नये म्हणून `login required`, आणि आपण बोलावल्याशिवाय कोणी खातं उघडू नये म्हणून `invite only`. दोन्ही लागतात. पहिलंच चालू ठेवलं तर आतलं दिसत नाही, पण कोणीही खातं उघडून आत येऊ शकतो.

आमंत्रणाची लिंक बनवताना किती वेळा वापरता येईल आणि कधी संपेल हे ठरवता येतं. एकच मोठी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की ती तासाभरात भलत्याच समूहात पोचते. पंचवीस जणांना पंचवीस वापरांची लिंक देणंही नको, एक जण पुढे पाठवतो आणि शेवटच्या माणसाला ती संपलेली मिळते. एकाला एक. कंटाळवाणं काम आहे, पण १४० म्हणजे फार नाहीत.

त्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या ईमेल सेवांवर चाचणीचं पत्र पाठवा. स्पॅममध्ये गेलं तर पत्र खरंच तुमच्याकडूनच आलंय हे पटवणाऱ्या डोमेनच्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी तपासा. लोक 'निरोपच आला नाही' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा गडबड इथेच असते.

आणि 'बंद आहे म्हणजे बाहेर जात नाही' हे अर्धंच खरं. एक तर सूचनांच्या ईमेलमध्ये पोस्टचा मजकूर जातो, आणि तो घरात सगळे मिळून वापरतात त्या टॅबवर उघडू शकतो. `private email` चालू केलं तर मजकूर जात नाही. दुसरं म्हणजे फोटो. लॉगिन सक्तीचं असलं तरी फोटोचा थेट पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला तो लॉगिनशिवाय उघडता येतो. ते रोखायला `secure uploads` आहे, पण त्यासाठी फोटो एस३ या ऑनलाइन साठवणीवर ठेवावे लागतात. स्क्रीनशॉटला तर कुठलंच सेटिंग नाही.

संथ_पाणी

फोटोंचं माहीत नव्हतं. पाठीवरच्या जखमांचे फोटो लोक टाकतातच, तो नियम कसा लिहू? आणि १७ मधले कुठले ठेवू?

उंबरठा

१७ पैकी 'सौजन्याने वागा', 'शुद्ध लिहा', 'विषयाला धरून बोला' यांसारखे सगळे काढा. त्यांचा भंग नेमका कधी झाला हे कोणालाच ठरवता येत नाही. ज्यावर खरोखर भांडण होईल तेच ठेवा. तुमच्याकडे मला चार दिसतात:

> १. औषध सुरू करा, बंद करा, प्रमाण बदला असं कोणाला सांगू नका. डॉक्टरांना काय विचारावं ते जरूर सुचवा.
> २. रुग्णाचा चेहरा, नाव, रुग्णालयाचे कागद नकोत. जखमेचा फोटोही नको. जागा, आकार, रंग, वास, स्राव शब्दांत लिहा.
> ३. विक्री नाही. वापरलेली खाट, चाकाची खुर्ची द्यायची-घ्यायची असेल तर त्यासाठी एकच धागा आहे.
> ४. इथलं बाहेर नेऊ नका. एखादी युक्ती सांगा, सांगणारा कोण ते सांगू नका.

दुसऱ्या नियमाला कारण जोडा, नाहीतर तो जाचक वाटतो: फोटोचा पत्ता बाहेर गेला तर तो कोणालाही उघडतो. पहिल्या नियमाचा दुसरा अर्धा भाग तर सोडूच नका. नुसतं 'वैद्यकीय सल्ला नको' लिहिलं की लोक घाबरून जखमेबद्दल बोलणंच सोडतात, आणि तीच तर त्यांची गरज असते.

मोडलं तर काय, तेही तिथेच लिहा. पोस्ट लपवली जाईल, कारण खाजगीत कळवलं जाईल, सुधारली की परत दिसेल. पुन्हा झालं तर महिनाभर पोस्ट तपासून मग लागतील. विक्रेता आत शिरला असेल तर मात्र इशारा न देता बाहेर.

धडाकेबाज

औषधांबाबत तरी सविस्तर हवं. 'तापाची गोळी दिली चालेल का' हे रात्री दोन वाजता विचारणाऱ्याला काय उत्तर देणार?

उंबरठा

बरोबर आहे तुमचं. त्या नियमाखाली एक ओळ वाढवा: 'थांबण्यासारखं नसेल तर इथे लिहित बसू नका, डॉक्टरांना किंवा रुग्णवाहिकेला फोन करा. इथे उत्तर सकाळीच मिळेल असं धरून चाला.'

मोगरी

आमंत्रणाकडे कोणी बघितलंच नाही. 'कळविण्यास आनंद होतो' वाचून मला वर्गणीची पावती आठवली. दमलेला माणूस वाचणार आहे, तेव्हा तुमच्या नावाने, एकाला लिहिल्यासारखं लिहा:

> 'नमस्कार. आपल्या समूहातले उपयोगी सल्ले हरवू नयेत म्हणून वेगळी जागा केली आहे. तुमचा फोन नंबर तिथे कोणाला दिसत नाही, टोपणनाव चालतं. सोबतची लिंक फक्त तुमच्यासाठी आहे, येत्या पंधरवड्यात उघडा. आत गेल्यावर एकच प्रश्न दिसेल: तुमच्या दिवसातला सगळ्यात अवघड तास कोणता? एका ओळीत लिहिलंत तरी पुरे, नुसतं वाचलंत तरी चालेल. अडलं तर मला फोन करा.'

खिळापट्टी

लिंक उघडल्यावर थेट तोच धागा समोर यावा असं आमंत्रणातच ठरवता येतं. 'ओळख करून द्या' या धाग्यावर नेऊ नका. टोपणनाव चालेल म्हणता आणि आत येताच ओळख मागता, हे विचित्र दिसतं.

संथ_पाणी

आभार. `private email` आजच चालू करतो.

खिळापट्टी

थांबा, त्याची किंमत आहे. ते चालू केलं की डायजेस्ट, म्हणजे आत काय चाललंय त्याचा सारांश देणारे ईमेल, बंद होतात. नवीन जागेत सभासद थोडे असेपर्यंत डिस्कोर्स रोजचं डायजेस्ट आपणहून पाठवतं, आणि लोकांना परत आणणारी तीच मुख्य दोरी असते.

मोगरी

मग मजकूर न देता दर शुक्रवारी जुन्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर दोन ओळी टाका. 'या आठवड्यात भरवताना ठसका लागण्याबद्दल बोलणं झालं' एवढंच.

उंबरठा

तेवढ्याने सगळे परत येतील असं मला वाटत नाही, पण या विषयात मी गुप्ततेच्या बाजूने झुकेन. तिसऱ्या आठवड्यात मोजा: तुम्ही आणि ते आठ जण सोडून इतरांनी किती धागे काढले, आणि नव्या प्रश्नाला पहिलं उत्तर एका दिवसात येतंय का. निम्म्याहून जास्त धागे तुमचेच असतील तर उरलेली आमंत्रणं थांबवा, आधी आतल्यांशी बोला.

जुनी_सावली

एक विचारते. ज्यांची शुश्रूषा चालू होती ती व्यक्ती गेली, तर तो सभासद राहणार की नाही? उद्देशात 'काळजी घेणाऱ्यांसाठी' आहे. सगळ्यात जास्त कळतं ते त्यांनाच.

उंबरठा

हे माझ्या लक्षात आलं नाही. 'घेणाऱ्यांसाठी आणि घेतलेल्यांसाठी' करा. राहायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, तुम्ही विचारूसुद्धा नका.

मोगरी

पण त्यांनी मृत्यूबद्दल लिहिलं तर ज्यांचं माणूस अजून आहे त्यांना ते वाचवेल का? वेगळा विभाग हवा.

जुनी_सावली

वेगळा विभाग म्हणजे वेगळ्या खोलीत बसवणं. मला नाही पटत.

संथ_पाणी

हे माझ्या एकट्याने ठरवायचं नाही. पहिल्या आठ जणांत असे दोघे आहेत, त्यांनाच विचारतो आणि इथे लिहितो.