गाडीची बॅटरी: नेमकी कोणती आणि किती जुनी? आपापले अनुभव लिहा

बॅटरी बदलायला गेलं की दुकानदार म्हणतो "ही बसते हो तुमच्या गाडीला". ट्रेमध्ये बसेल पण केबल पोचेल का? आणि गोदामात किती महिने पडून होती ते कसं ओळखायचं? ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी लिहा.

जुनाखटारा: आधी जुन्या बॅटरीवरचा नंबर बघा, पण तो मॅन्युअलशी ताडूनच, कारण आधीच्या मालकाने भलतीच बसवलेली असू शकते. माझ्यात 55B24LS होती. 55 म्हणजे दमाचा आकडा, B ही साइज, 24 म्हणजे लांबी साधारण 24 सेंमी. टर्मिनल आपल्या बाजूला ठेवून बघितलं की L मध्ये प्लस उजवीकडे, R मध्ये डावीकडे. दुकानात 55B24R पुढे केली, "सेमच आहे" म्हणे! डबा सेमच, पण प्लसची केबल पलीकडे पोचलीच नसती, आणि ताणून उलटी जोडली तर फ्यूज उडणार, अल्टरनेटरही जाऊ शकतो.

मीनल_त: शेवटचा S राहिला की. S म्हणजे जाड टर्मिनल. S नसलेली घेतली तर क्लॅम्प कितीही आवळा, फिरतोच.

गॅरेजवाला_बंड्या: पातळ टर्मिनलवर शिशाची टोपी घालून चालतं, आम्ही घालतो. मात्र सैल राहिली तर स्टार्टर मारताना नुसतं कट्कट् वाजतं आणि गिऱ्हाईक बॅटरीला शिव्या घालतं.

सुहास७: तारखेचं सोप्पंय, A जानेवारी, B फेब्रुवारी, पुढचा आकडा वर्षाचा. E4 म्हणजे मे 2024. सगळ्या कंपन्यांचं हेच.

मीनल_त: सगळ्यांचं नाही हो. काही जण I गाळतात, मग सप्टेंबरपासून पुढची सगळी अक्षरं एकेक घर सरकतात. काहींचं पहिलं अक्षर कारखान्याचं असतं, तर काही सरळ तारीखच छापतात. त्या कंपनीची कोड वाचायची रीत बघूनच ठरवा. आणि स्टिकरवर जाऊ नका, तो कधीकधी चार्जिंगचा किंवा माल पाठवल्याचा असतो. प्लास्टिकवर उमटवलेला शिक्का खरा.

नवखी_ड्रायव्हर: माझी गाडी सिग्नलला आपोआप बंद होते, तीही बॅटरीमुळेच का?

गॅरेजवाला_बंड्या: ताई ते स्टार्ट-स्टॉप, बिघाड नाही. पण बदलताना ईएफबी किंवा एजीएम, जी मुळात असेल तीच घ्या, साधी टाकली तर लवकर बसते.

जुनाखटारा: मी शिक्का बघतो आणि वर मीटरही लावतो. 12.6 च्या आसपास व्होल्ट असेल तर ठीक, 12.4 च्या खाली असेल तर दुसरी काढायला सांगतो. सहा महिन्यांपेक्षा जुनी तर नकोच.

सुहास७: मग चार्ज करून घ्यायची ना, झालं.

मीनल_त: चार्ज केली की मीटर 12.6 दाखवतोच. पण बरेच दिवस उतरलेली पडून राहिली असेल तर प्लेटांवर सल्फेट कडक होतं, ते पूर्ण जात नाही. लोड टेस्टर लावला की कळतं, पण दुकानदार लावू देतो का?

गॅरेजवाला_बंड्या: आठ महिन्यांची पण मध्ये नीट चार्ज केलेली मी बिनधास्त बसवतो.

जुनाखटारा: तुम्ही बसवाल हो, मी नाही घेणार.