हाफिजच्या शेरातील ‘बू’ आणि ‘ताब’ : इंग्रजीत दोन्ही अर्थ कसे राखावेत?

मंजिरी : शिराझच्या हाफिजच्या दिवाणातील पहिल्या गझलेचा दुसरा शेर मी इंग्रजीत आणू पाहत आहे आणि दोन शब्दांपाशी अडून बसले आहे. मूळ शेर देवनागरीत असा लिहिता येईल :

ब बूए नाफई काखर सबा झान तुर्रे बुग्शायद
झे ताबे जअदे मुश्कीनश चे खून उफ्ताद दर दिलहा

पहाटेचा वारा त्या बटेतून अखेर कधीतरी कस्तुरीची नाभी उघडील, तिच्या ‘बू’साठी आणि त्या कस्तुरी कुरळ्या केसांच्या ‘ताब’मुळे हृदयांत केवढे रक्त साचले, असा ढोबळ अर्थ मी लावला आहे. ‘बू’ म्हणजे गंध, पण ‘ब बूए’ असा प्रयोग आला की ‘च्या आशेने’ असाही अर्थ होतो. ‘ताब’ म्हणजे केसांचा पीळ, आणि त्याचबरोबर ताप, तगमग, शिवाय तेजही. माझा पहिला खर्डा ‘इन होप ऑफ द मस्क द डॉन विंड मे लूझन फ्रॉम दॅट हेअर, हाउ मेनी हार्ट्स हॅव ब्लेड फॉर इट्स डार्क कर्ल्स’ असा झाला. तो वाचायला बरा वाटतो, पण त्यात गंध उरला नाही आणि पीळही उरला नाही. तळटीप न देता, ओळीतच दोन्ही अर्थ ऐकू येतील असे इंग्रजी शब्द कोणी सुचवाल का?

अनुस्वार : हा सरळसरळ श्लेष आहे आणि श्लेषाचे भाषांतर होत नाही, हे आपल्याकडे पूर्वीपासून मान्य आहे. दोन्ही अर्थ सारख्याच वजनाचे असल्यामुळे ते शेजारी शेजारी लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग ठरतो. विल्बरफोर्स क्लार्कने 1891 मध्ये कलकत्त्याहून छापलेल्या गद्य भाषांतरात हेच केले आहे. शब्द आला की त्याचा दुसरा अर्थ त्याने कंसात दिला आहे. वाचताना अडखळायला होते, पण काही सुटत नाही.

दख्खनी : अनुस्वार यांचे निम्मे म्हणणे मला पटते. दोन अर्थ आहेत हे खरे, पण फारसी काव्यशास्त्र ज्याला ईहाम म्हणते त्यात ते दोन्ही सारख्या वजनाचे नसतात. एक अर्थ जवळचा असतो, तो वाचकाच्या मनात आधी येतो. दुसरा दूरचा असतो आणि कवीला बहुधा तोच अभिप्रेत असतो. इथे ‘बू’ला लागूनच ‘नाफे’, म्हणजे कस्तुरीची नाभी, येतो, म्हणून कान आधी गंध ऐकतो, आणि वाक्य पुरे होता होता ‘आशेने’ हा अर्थ वर येतो. ‘मुश्कीन’ची तऱ्हा निराळी आहे. तिथे काम ‘काळे’ या अर्थाचे आहे. कस्तुरीचा अर्थ नाभीशी नाते सांगत मागे दरवळत राहतो. कंसात दोन्ही अर्थ दिले की ते एकदम समोर येतात आणि हा मागेपुढेपणा नाहीसा होतो. क्लार्कच्या पद्धतीत शब्द सुटत नाहीत हे खरे, पण ते कोणत्या क्रमाने उलगडतात ते सुटते.

मंजिरीताई, मला तुमच्या खर्ड्यातील ‘बू’पेक्षा रक्ताची अधिक काळजी वाटते. कस्तुरीमृगाचे रक्त नाभीपाशी गोळा होते आणि तिथे मुरून त्याची कस्तुरी बनते, अशी जुनी समजूत होती. प्रत्यक्षात कस्तुरी हा नराच्या एका ग्रंथीचा स्राव आहे, पण शेर त्या समजुतीवर उभा आहे. प्रियेच्या बटेत कस्तुरीची नाभी आहे आणि तिची वाट पाहणाऱ्या प्रेमिकांच्या हृदयात रक्त साचत आहे, म्हणजे प्रत्येक हृदय स्वतःच एक नाभी होऊ लागले आहे. म्हणूनच मुळात ‘दर दिलहा’ आहे. रक्त हृदयांत पडते, बाहेर वाहत नाही. ‘ब्लेड’ म्हटले की रक्त बाहेर गेले आणि नाभीची प्रतिमा तुटली. गर्ट्रूड बेलच्या 1897 च्या भाषांतरातही हेच झाले आहे. तिची कविता इंग्रजी कविता म्हणून मला फार प्रिय आहे, पण तिच्याकडे हृदयाचे रक्त आसवांवाटे गळते, आणि ‘दिलहा’तील अनेक हृदयांच्या जागी एकट्या कवीचे हृदय येते.

पारिजात : मला वाटते, मूळ प्रश्न वृत्ताचा आहे. हा शेर आपल्या वियद्गंगेत, म्हणजे लगागागा चार वेळा, चोख बसतो. ‘झे ताबे जअ’ आणि ‘दे मुश्कीनश’ म्हणून पाहा. ती चाल इंग्रजीत साधली नाही तर बाकीचे राखून काय उपयोग? आणि ‘तुर्रे’ म्हणजे फेट्याचा तुरा ना? मग इथे पागोट्याची प्रतिमा असावी, ती तुम्ही ‘हेअर’मध्ये का घालवली?

दख्खनी : वृत्ताविषयीचे निरीक्षण अचूक आहे. मात्र इंग्रजी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर नव्हे तर आघातावर चालते, त्यामुळे लगागागा मोजून लिहिलेली इंग्रजी ओळ इंग्रजी कानाला वृत्तबद्ध वाटणारच नाही. मंजिरीताईंनी विचारलेही ते नाही. ‘तुर्रे’ आणि आपला ‘तुरा’ एकाच शब्दाची रूपे आहेत, पण इथे पुढेच ‘जअद’, म्हणजे कुरळे केस, असल्याने कपाळावर उतरलेली बट हाच अर्थ घ्यावा लागतो.

यमकाबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. या गझलेच्या पहिल्या ओळीत अरबी ‘नाविलहा’ आहे आणि तिथला ‘हा’ म्हणजे ‘तो’, अर्थात पेला. ‘दिलहा’, ‘मुश्किलहा’ यांतला ‘हा’ मात्र फारसीतील अनेकवचनाचा प्रत्यय आहे. दोन भाषांचे दोन निराळे ‘हा’ हाफिजने एकाच यमकात ओवले आहेत. इंग्रजीत हे राखायची कोणतीही वाट मला दिसत नाही आणि मी ते सोडून देईन.

ओवी : मला फारसी येत नाही, पण आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचे इंग्रजी करताना मी ‘पीळ’ या शब्दाशी अशीच झुंजले आहे. दोराला पीळ पडतो आणि आतड्यालाही पीळ पडतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात त्यात ताठाही येतो. तिथे मी ‘रिंग’ हे क्रियापद वापरले होते, कापड पिळण्याचे आणि काळीज पिळवटण्याचेही तेच. ‘ताब’साठी ते चालेल का?

मंजिरी : ओवीताई, ‘पीळ’ अगदी नेमका आहे, मराठीत हा शेर करायचा असता तर ‘ताब’चा प्रश्न तिथेच मिटला असता. ‘रिंग’ मी लगेच घालून पाहिले, पण आता दख्खनी यांनी रक्ताची दिशा दाखवून दिल्यावर ते बसत नाही. पिळले की आतले बाहेर येते. ‘ब्लड रंग फ्रॉम हार्ट्स’ म्हटले की मी पुन्हा बेलच्याच वाटेला लागते.

दख्खनी : ‘रिंग’बद्दल तुमचे बरोबर आहे. माझ्या मनात ‘कॉइल’ होते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गलबला, त्रास असाही होता आणि हॅम्लेटमधील ‘मॉर्टल कॉइल’मुळे तो शब्द अनेकांच्या कानावर असतो. पण आजचा वाचक तिथेही वेटोळेच ऐकतो. दूरचा अर्थ ऐकणाऱ्याला सापडणार नसेल तर तिथे ईहाम घडत नाही, ते कोड्यासारखे होते. त्यापेक्षा ‘नॉट’ पाहा. केसांत गाठ पडते, काळजीने पोटातही गाठ पडते, आणि हे दोन्ही आजच्या बोलीत जिवंत आहे. ‘बुग्शायद’ म्हणजे उघडील, सोडवील. म्हणून पहिल्या ओळीत ‘अनलॉक फ्रॉम दॅट लॉक’ करता येईल. बट आणि कुलूप यांना इंग्रजीत एकच शब्द आहे, हा लाभ मुळात नव्हता तो आयता मिळतो. ‘बू’साठी ‘ऑन द सेंट ऑफ’ सुचवतो. त्यात वासही आहे आणि मागावर असणेही आहे, शिवाय कस्तुरीमृगाच्या शिकारीची आठवणही आहे.

सगळे मिळून असे होईल : ‘ऑन द सेंट ऑफ मस्क द डॉन विंड मे यट अनलॉक फ्रॉम दॅट लॉक, / फ्रॉम द ट्विस्ट ऑफ इट्स मस्क-डार्क कर्ल, व्हॉट ब्लड हॅज नॉटेड इन द हार्ट्स’.

अनुस्वार : ईहामाचा क्रम मला आता उमगला आणि कंसांचा आग्रह मी सोडतो. पण ‘अनलॉक’ आणि ‘लॉक’ शेजारी आल्यावर वाचकाचे लक्ष त्या शब्दचमत्कृतीवरच जाईल. हाफिजचे दोन अर्थ चटकन दिसत नाहीत, ते सावकाश उलगडतात. इथे मात्र ओळ स्वतःच त्यांच्याकडे बोट दाखवते. दुसरे असे की रक्ताची गाठ म्हटल्यावर आजच्या वाचकाला हृदयरोगच आठवण्याचा धोका आहे.

मंजिरी : ‘अनलॉक’विषयीचा आक्षेप मी मान्य करते; तिथे ‘लूझन’ ठेवीन आणि ‘लॉक’ एकटाच राहू देईन. रक्ताच्या बाबतीत ‘क्लॉट’ मी मुद्दाम टाळला होता. ‘नॉटेड’ने तो अर्थ दूर राहतो असे मला वाटते, कारण इस्पितळात तो शब्द कोणी वापरत नाही. ‘इट्स’ही मी ठेवणार आहे. फारसीत लिंगभेद नसल्याने ‘मुश्कीनश’मधला ‘श’ तिचा, त्याचा की बटेचा हे उघडे राहते, आणि ‘हर’ किंवा ‘हिज’ लिहिले की ते दार बंद होते.

मात्र ‘ऑन द सेंट ऑफ’ने मला पुन्हा कोड्यात टाकले आहे. ‘बुग्शायद’ हे घडून गेलेले नाही, अजून घडायचे आहे, आणि ‘काखर’ म्हणजे ‘अखेर कधीतरी’ तेच सांगतो. नाभी उघडलेली नाही, म्हणजे गंध अद्याप कोणाच्याही नाकाशी आलेला नाही. ‘खून उफ्ताद’ मात्र भूतकाळात आहे. रक्त साचून गेले. माग काढणाऱ्याला वास आधीच लागलेला असतो, मग ‘ऑन द सेंट’ म्हणताच तो काळाचा उलटा क्रम मोडत नाही का?

दख्खनी : मोडतो, आणि हे माझ्या ध्यानात आले नव्हते. साधे ‘फॉर द सेंट’ घेतले तर गंध अप्राप्त राहतो आणि ‘फॉर’मध्ये ओढही येते, पण ‘आशा’ हा अर्थ फार क्षीण होतो. ‘मे यट’ त्याला थोडा आधार देईल. ‘ताब’मधला ताप, ती आच, मात्र ‘ट्विस्ट’मध्येही नाही आणि ‘नॉट’मध्येही नाही. कस्तुरी उबेने अधिक दरवळते, म्हणून तो अर्थ इथे शोभेपुरता आलेला नाही. त्यासाठी मला अजून शब्द सापडलेला नाही. कोणाला सुचल्यास जरूर लिहावे.